गरोदरपणात चालणं, योगासनं आणि पोहणं: काय करावं, कसं करावं आणि कुठे थांबावं

गरोदर बाईला घरात व्यायामाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. दिवस राहिल्याचं कळलं की "काही उचलू नकोस, पडून राहा". आठवा लागला की तीच मंडळी "फरशी हाताने पूस, म्हणजे मोकळी होशील" असं सांगतात. आधी सहा-सात महिने जवळजवळ निजून काढायचे आणि शरीर सगळ्यात जड झालेलं असताना अचानक कष्टाला लागायचं, हा क्रम नेमका उलटा आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींच्या कंबरदुखीचं मूळ या उलट्या क्रमात असतं.

हा लेख ज्यांनी आधी नियमित व्यायाम केलेला नाही, ज्यांचं गरोदरपण आतापर्यंत सुरळीत आहे आणि ज्या चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरुवात करू पाहतात त्यांच्यासाठी आहे. मध्यम व्यायामाने गर्भपात होतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतही चालायला हरकत नसते. पण तेव्हा मळमळ आणि थकवा इतका असतो की बहुतेकींची खरी सुरुवात चौदाव्या आठवड्यानंतरच होते, आणि तेवढंही पुरतं.

आधी फाइल उघडा

पहिली पायरी बूट घालण्याची नाही, डॉक्टरांना चार प्रश्न विचारण्याची आहे. माझं हिमोग्लोबिन किती आहे? रक्तदाब कसा आहे? सोनोग्राफीत प्लॅसेंटा म्हणजे वार कुठे आहे? आणि गर्भाशयाचं तोंड व्यवस्थित बंद आहे का? सरकारी केंद्रात नाव नोंदवलं असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे प्रश्न तिथेही विचारता येतात.

हिमोग्लोबिनला मी पहिलं स्थान देते, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. आकडा 11च्या किंचित खाली असेल तर गोळ्या चालू ठेवून हळूहळू चालता येतं. 7च्या खाली असेल तर ती गंभीर कमतरता आहे. तेव्हा आधी उपचार आणि मग व्यायाम. मधल्या आकड्यांत किती करायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं. चार पायऱ्या चढून धाप लागणं आणि छाती धडधडणं याला "गरोदरपणात असं व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

वारेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावरून खूप घबराट होते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असं लिहून आलं की बाई थेट अंथरूण धरते. प्रत्यक्षात गर्भाशय वाढतं तशी खाली दिसलेली वार बहुतेकींमध्ये वर सरकते, म्हणून साधारण बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघतात. तोवर रक्तस्राव नसेल तर चालणं सहसा चालू ठेवू देतात. मात्र सातवा महिना संपत आला तरी वार गर्भाशयाच्या तोंडावरच असेल, तर व्यायाम बंद. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी गेलं असेल, दिवस भरण्याआधी कळा येत असतील, अंगावरून रक्त जात असेल, रक्तदाब काबूत नसेल किंवा प्रीक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर आजार असेल, बाळाची वाढ कमी पडत असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच करा. जुळी असतील तरी आधी विचारा.

एक मात्र आवर्जून सांगते. कारण न सांगता कोणी "बेड रेस्ट घ्या" म्हटलं, तर कारण विचारा. पूर्ण झोपून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू झपाट्याने क्षीण होतात.

जोर मोजायचा कसा

जागतिक आरोग्य संघटनेने 2020मध्ये गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास. मध्यम म्हणजे किती, हे नाडीवरून ठरवायला जाऊ नका. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि बसल्या जागीही हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढलेले असतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा फसवतो. बोलण्यावरून ओळखा. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, पण गाणं म्हणायला श्वास पुरत नाही, ही बरोबर जागा. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला की वेग कमी करा. निवांत गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

चालणं: एका बाईचं वेळापत्रक

माझ्याकडे आलेल्या एका बाईचं उदाहरण घेते. बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची, पहिली खेप, सतरावा आठवडा. हिमोग्लोबिन 10.2, रक्तदाब ठीक, वार वर. शाळा सुटल्यापासून व्यायाम नाही.

पहिल्या आठवड्यात तिला फक्त दहा मिनिटं चालायला सांगितलं, पाच दिवस. पहिली दोन-तीन मिनिटं हळू, मधली पाच बोलता येईल अशा वेगाने, शेवटची पुन्हा हळू. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत एकविसाव्या आठवड्यात ती तीस मिनिटांवर आली. त्यानंतर एकदा सर्दी-तापात आठवडा गेला. ताप असताना व्यायाम करायचाच नाही. बरी झाल्यावर तिला आम्ही एक पायरी मागून पुन्हा सुरू केलं. गेलेले दिवस भरून काढायची घाई केली नाही.

पंचविसाव्या आठवड्यात तिची साखर तपासली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 148 निघाली. आपल्याकडे 140 किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह धरतात. आहार डॉक्टरांनी ठरवून दिला. चालण्याचा वेळ आम्ही वाढवला नाही, त्याचे तुकडे केले. सकाळी एकदम तीस मिनिटांऐवजी नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, प्रत्येकानंतर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर साखर चढत असते. तेव्हा मांड्यांचे मोठे स्नायू काम करत असले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. दुपारी ती बँकेच्या व्हरांड्यात चालायची. साखरेच्या पुढच्या तपासण्या आटोक्यात आल्या आणि तिला इन्सुलिन लागलं नाही. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही, काहींना औषध लागतंच. ज्या आधीच इन्सुलिन घेतात त्यांनी चालण्यामुळे साखर फार उतरत नाही ना हे तपासत राहावं आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

तिसाव्या आठवड्यात तिला नवा त्रास झाला. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडावर दुखायचं. जिना चढताना, सलवार घालायला एक पाय उचलताना आणि रात्री कूस बदलताना जास्त. गरोदरपणात ओटीच्या हाडांचे सांधे सैल होतात आणि एका पायावर भार आला की ते असमान ताणले जातात. अशा वेळी "चालून चालून मोकळं होईल" हे खरं नाही. तिची पावलं आखूड केली, चढ आणि जिना टाळला, एकदम पंधराऐवजी आठ-आठ मिनिटं चालायला सांगितलं, सलवार बसून घालायला लावली आणि कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून वळायला शिकवलं. चालल्यावर दुखणं त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वाढलं, तर आदलं चालणं जास्त झालं. हा हिशेब तिला स्वतःला जमू लागल्यावर दोन आठवड्यांत ती सावरली.

चालण्याच्या जागेबद्दल थोडं. चपलेत चालू नका, ती मागून सुटते. पाय सुजतात म्हणून बूट अर्धा आकडा मोठे घ्या. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात शेवाळ धरतं, तेव्हा पार्किंगमध्ये किंवा घरात फेऱ्या घाला. गच्चीवर एकाच दिशेने गोल चालू नका, मध्येच दिशा बदला. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी सातच्या आत आटपा. शरीराचं तापमान फार वाढणं बाळाला चांगलं नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत ते सगळ्यात जपावं लागतं. रिकाम्या पोटी निघू नका. एखादं केळं किंवा मूठभर फुटाणे आधी खा आणि पाणी बरोबर ठेवा.

चालताना पोट मध्येच दगडासारखं घट्ट होतं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. थांबा, बसा, पाणी प्या, जमल्यास कुशीवर पडा. काही मिनिटांत सैल झालं आणि दुखत नसेल तर तो गर्भाशयाचा सराव समजा. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येऊ लागलं, आणि अजून सदतीस आठवडे भरले नसतील, तर त्या दिवशी घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

योगासनं: यादी पाठ करू नका, चार कारणं लक्षात ठेवा

गरोदरपणात वर्ज्य आसनांच्या याद्या सगळीकडे फिरतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत असलेलं आसन दुसरीत "उत्तम" म्हणून दिलेलं असतं. त्यापेक्षा चार कारणं समजून घेतली तर समोर येणारी कुठलीही हालचाल तुम्हालाच तोलता येईल.

पहिलं कारण उताणं झोपणं. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडलं की जड गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाब देतं. पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब उतरतो, गरगरतं, घाम फुटतो, आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. म्हणून शवासन, सेतुबंध किंवा उताणं पडून पाय उचलण्याचे व्यायाम या काळात लांबवू नका. शवासन कुशीवर घ्या, शक्यतो डाव्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून. रात्री झोपेत पाठीवर वळलेल्या आढळलात तर घाबरू नका, फक्त कूस बदला.

दुसरं कारण पोटावरचा दाब आणि ताण. पोटावर झोपून होणारी सगळी आसनं, म्हणजे भुजंगासन, शलभासन, धनुरासन, चौथ्या महिन्यापासून सोडा. नौकासन, पवनमुक्तासन, हलासन, पोट मांडीवर दाबून केलेलं पश्चिमोत्तानासन, हेही याच गटात. पोटाच्या मधोमध वरून खाली जाणारी स्नायूंची जोडी या काळात एकमेकींपासून दूर सरकते. पाठीवरून सरळ उठून बसताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा उठून दिसला की समजा तो ताण जास्त झाला. अंथरुणातून उठतानासुद्धा आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा देऊन बसा. कपालभाती आणि भस्त्रिका याच कारणासाठी बंद, कारण प्रत्येक झटक्यात पोट आत खेचलं जातं. पिळाची आसनं पूर्णपणे टाळायची नसतात. पोट मांडीकडे दाबणारा पीळ टाळायचा. बसून फक्त खांदे आणि छाती मोकळ्या बाजूला हलकेच वळवली तर चालतं.

तिसरं कारण तोल. पोट पुढे आल्याने शरीराचा भारमध्य सरकतो आणि सांधे सैल असतात. वृक्षासन भिंतीला हात लावून करा, आणि ओटीचं हाड दुखत असेल तर करूच नका. शीर्षासन, सर्वांगासन, हात टेकून उलटं होणं या वेळी नको. त्यात मोठा धोका पडण्याचा आहे. सैल सांध्यांमुळे आता पूर्वीपेक्षा जास्त लवचीक वाटतं, आणि त्यातच अपाय होतो. जेवढं ताणलं जातं त्याच्या अलीकडेच थांबा.

चौथं कारण श्वास आणि उष्णता. श्वास रोखून धरणारा कुंभक नको. अनुलोम-विलोम न रोखता करा, भ्रामरी चालते. मुद्दाम तापवलेल्या खोलीतला योग नको.

ही कारणं काही केवळ तर्काने काढलेली नाहीत, आणि प्रत्येक आसनाला घाबरण्याचंही कारण नाही. 2015मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या तिमाहीतल्या पंचवीस निरोगी स्त्रियांकडून वेगवेगळी आसनं करून घेतली आणि त्या वेळी आईचा रक्तदाब, बाळाचे ठोके मोजले. डोकं खाली असणारं अधोमुख श्वानासनही त्यात होतं. कोणाच्याही मोजमापात चिंताजनक बदल दिसला नाही. अभ्यास छोटा आहे आणि तो देखरेखीखाली झाला हे खरं. पण अधूनमधून हलकं वाकल्याने बाळाला काही होतं ही भीती अनाठायी आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सूर्यनमस्काराबद्दल स्पष्टच सांगते. आधी कधी केले नसतील तर गरोदरपणात सुरू करू नका. त्यात पोट जमिनीलगत नेणारं अष्टांगासन आहे, लगेच भुजंगासन आहे, आणि डोकं वर-खाली होत राहिल्याने गरगरतं. वर्षानुवर्षं घालणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारून, पाय फाकवून, संथपणे, ही दोन आसनं वगळून थोडे घातले तर चालतं. सातव्या महिन्यानंतर मात्र मी थांबवते.

आता एक साधा वीस-पंचवीस मिनिटांचा क्रम. भिंत, बिनचाकांची खुर्ची, घडी केलेली घोंगडी आणि दोन उशा एवढं लागेल.

1. घोंगडीवर भिंतीला पाठ टेकून मांडी घाला. नाकाने श्वास आत, नाकाने बाहेर, सोडण्याचा काळ थोडा लांब. तीन-चार मिनिटं.

2. बोटं खांद्यांवर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळं काढा, आठ पुढून, आठ मागून. वाढलेल्या स्तनांच्या भाराने पाठीचा वरचा भाग पुढे वाकतो, तो यात मोकळा होतो.

3. मार्जरासन: हातागुडघ्यांवर या, हात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास सोडत पाठ वर गोल करा, श्वास घेत पुन्हा सपाट करा. सपाटच, पोट खाली लोंबू देऊ नका, नाहीतर कंबर दुखते. आठ वेळा. मनगटं दुखत असतील तर मुठी टेका किंवा हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा.

4. ताडासन भिंतीजवळ: पाय कमरेइतके फाकवून उभं राहा, एक हात भिंतीला, दुसरा वर. टाचा थोड्याच उचला. प्रत्येक हाताने पाच वेळा. यात पोटऱ्या हलतात आणि पायांची सूज उतरायला मदत होते.

5. खुर्चीवर बसणं-उठणं: खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा, श्वास सोडत उभं राहा, श्वास घेत सावकाश बसा. आठ ते दहा वेळा. या सगळ्यांत मला सर्वांत उपयोगी हेच वाटतं, कारण पुढे बाळ घेऊन दिवसातून कितीतरी वेळा नेमकी हीच हालचाल करायची असते.

6. बद्धकोनासन: तळपाय जोडून बसा, गुडघ्यांखाली उशा. गुडघे पंखांसारखे जोरात फडफडवू नका. सैल सांध्यांना तो झटका सोसत नाही. दोन मिनिटं शांत बसा.

7. इथेच बसून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा, पाच मोजा, मग पूर्ण सोडा आणि पुन्हा पाच मोजा. आठ वेळा. सोडणंही तितकंच शिकायचं, कारण बाळ बाहेर येताना तेच लागतं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नका.

8. कुशीवर पडून पाच मिनिटं.

उकिडवं बसणं, म्हणजे मालासन, याबद्दल नेहमी विचारतात. सवय असेल, टाचा टेकत असतील, तर एखाद-दोन मिनिटं चालतं. मूळव्याध, ओटीच्या हाडाचं दुखणं, खाली असलेली वार किंवा गर्भाशयाच्या तोंडाची अडचण असेल तर नको. शेवटच्या महिन्यांत बाळ पायाळू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. उकिडवं बसून तासभर फरशी पुसणं हा व्यायाम नाही. त्याने गुडघे आणि कंबर झिजते, बाळंतपण सोपं होत नाही.

पोहणं

पोटाचं वजन पाणी तोलून धरतं, म्हणून ज्यांना चालताना कंबर किंवा ओटी दुखते त्यांना पाण्यात लगेच हलकं वाटतं. पाण्याच्या दाबाने पायांची सूजही काही काळ ओसरते. पोहता येत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा वीस ते तीस मिनिटं पुरेत. येत नसेल तर गरोदरपण ही शिकायची वेळ नाही, पण छातीइतक्या पाण्यात कठडा धरून चालता येतं, आणि तोही चांगलाच व्यायाम आहे.

महापालिकेच्या तलावात जात असाल तर महिलांसाठी राखीव वेळ निवडा आणि सुट्टीतली गर्दी टाळा. पोरांचा एखादा धक्का पोटाला लागायला वेळ लागत नाही. पायऱ्यांनी, दांडा धरून, पाण्याकडे पाठ करून उतरा. उडी किंवा सूर मारायचा नाही. गावाकडे विहिरीत पोहायची सवय असलेल्या बायकांनाही माझं हेच सांगणं आहे: निसरड्या पायऱ्या आणि उडी, या दोन्हींमुळे विहीर या वर्षी सोडा. पाणी शांत, थोडं गार ते कोमट असावं, 32-33 अंशांपर्यंत. गरम पाण्याचा टब आणि स्टीम रूम नको.

कुठल्या पद्धतीने पोहायचं हे दुखणं कुठे आहे त्यावर ठरतं. ओटीचं हाड दुखत असेल तर बेडकासारखी लाथ मारायची ब्रेस्टस्ट्रोक टाळा. पाय फाकून जोरात जुळवताना तोच सांधा ताणला जातो. तेव्हा पाय सरळ ठेवून हलकेच फ्रीस्टाइल करा. दुखणं नसेल तर ब्रेस्टस्ट्रोक सावकाश चालतो. बटरफ्लाय नको, आणि पाण्याखाली श्वास रोखून अंतर कापणं अजिबात नको. समुद्रात खोल बुडी मारण्याचं स्कूबा डायव्हिंग या काळात पूर्ण वर्ज्य आहे. वर येताना तयार होणारे वायूचे बुडबुडे बाळाच्या रक्तात गेले तर ते बाहेर टाकण्याची सोय बाळाकडे नसते.

पाण्यात घाम कळत नाही, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्या. बाहेर येताना वजन एकदम परत अंगावर येतं आणि चक्कर येऊ शकते. शेवटच्या पायरीवर जरा थांबा. कपडे बदलल्यावर पॅड लावा. पाण्यात असताना गर्भजल गळत असलं तरी कळत नाही. पॅड सतत ओला होत राहिला तर दवाखान्यात जा.

इतर हालचाली

श्रावणात मंगळागौर येते आणि नवी सून दिवसांची असली तरी तिला फुगडीला ओढलं जातं. फुगडीत हात सुटला की पाठीवर आपटण्याची शक्यता असते, आणि उड्यांच्या खेळात सैल सांधे मुरगळतात. गाणी म्हणा, टाळ्या वाजवा, फिरणं आणि उड्या सोडा. नवरात्रातल्या गरब्यालाही हेच लागू. बॅडमिंटन, कबड्डी, ट्रेकिंग, रस्त्यावरची सायकल यांत पडण्याचा किंवा पोटाला मार लागण्याचा धोका असतो. सायकलीची आवड असेल तर जागेवरची सायकल चालवा. जिममध्ये जात असाल तर वजन श्वास रोखून उचलू नका, आणि घरात भरलेली बादली किंवा सिलिंडर दुसऱ्याला उचलू द्या.

लगेच थांबायचं कधी

व्यायाम करताना किंवा नंतर अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, थांबल्यावरही न ओसरणाऱ्या कळा, श्रम सुरू करण्याआधीच लागलेली धाप, छातीत दुखणं, चक्कर, जोराचं डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. यांतलं एकही झालं तर व्यायाम तिथेच सोडा आणि डॉक्टरांना फोन करा. गरोदर मातांसाठी 102 क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे, आणीबाणीत 108. एकाच पोटरीचं दुखणं बायका "गोळा आला" म्हणून चोळून घेतात. गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं आहे, आधी दाखवा.

बाळाची हालचाल चालताना कमी जाणवते, कारण तुम्ही स्वतः हलत असता. बसल्यावर किंवा कुशीवर पडल्यावर ती नेहमीसारखी परतायला हवी. रोजच्या मानाने कमी वाटली तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.

शेवटचा महिना

बँकेतली ती बाई छत्तिसाव्या आठवड्यात दिवसाला एकूण पंचवीस मिनिटंच चालत होती, तीन तुकड्यांत, आणि तेही इतक्या सावकाश की सासूबाईंना काळजी वाटू लागली की हिने व्यायाम सोडला. सोडला नव्हता. शरीर जड झालं की त्याच श्रमाला कमी वेग पुरतो. बोलण्याची कसोटी तीच राहिली, फक्त त्या कसोटीला उतरणारं अंतर कमी झालं. खुर्चीवरचं बसणं-उठणं तिने आठवरून पाचवर आणलं, मार्जरासन चालू ठेवलं, कारण त्या आसनात पोटाचा भार कमरेवरून उतरतो आणि तिला त्यानेच झोप लागायची.

तारीख उलटली की घरचे दोन-दोन तास चालायला लावतात. चालल्याने कळा नक्की सुरू होतात असा भक्कम पुरावा नाही, आणि थकलेल्या अंगाने प्रसूतिगृहात पोचलेल्या बाईला पुढचे अनेक तास जड जातात. या दिवसांत रोजचंच चालणं चालू ठेवा, उरलेला वेळ झोपेला द्या.